वर्तणुकीचा दाखला आणि शिफारसपत्र: एका मसुद्याचं इंग्रजी करताना

नागपुरातल्या प्राध्यापकांनी मराठीत लिहिलेली शिफारसपत्रं इंग्रजीत करून देण्याचं काम माझ्याकडे बहुतेकदा पावसाळ्यानंतर येतं. परदेशी शिष्यवृत्त्यांच्या बऱ्याच मुदती तेव्हा जवळ आलेल्या असतात. या मसुद्यांतली मोठी अडचण इंग्रजीची नसते. मसुदा मराठीतच वर्तणुकीच्या दाखल्यासारखा उतरलेला असतो आणि त्याच्यावर मथळा मात्र शिफारसपत्राचा असतो. तो जसाच्या तसा इंग्रजीत नेला तर इंग्रजीत एक नेटका दाखला तयार होतो. समितीला त्याचा काही उपयोग नसतो.

दोन्ही कागद महाविद्यालयाच्या लेटरहेडवर असतात, दोन्हींवर सही-शिक्का असतो, दोन्हींत विद्यार्थ्याबद्दल बरंच बोललेलं असतं. म्हणून गल्लत होते. दाखला सांगतो की या व्यक्तीबद्दल आमच्याकडे तक्रार नाही. तो कार्यालयातून मिळतो, सगळ्यांना साधारण एकाच मजकुराचा मिळतो, आणि तो तसा असणंच योग्य आहे. त्याचं ठरलेलं इंग्रजी आपल्याकडे पाठ असतं: ‘टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज, शी बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर.’ शिफारसपत्राला वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. अर्ज केलेल्या एवढ्या चांगल्या मुलांमधून हिलाच का निवडावं, आणि तुम्ही स्वतः काय पाहिलंत म्हणून तसं म्हणता? तक्रार नसणं हे त्याचं उत्तर होत नाही, कारण तिथं पोचलेल्या कुणाबद्दलच तक्रार नसते.

एक मसुदा घेऊन बघू. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. विद्यार्थिनी रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली, पर्यावरण विषयातल्या पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करणारी. सरांनी लिहिलं होतं:

‘सदर विद्यार्थिनी अत्यंत हुशार, मेहनती, नम्र व संस्कारी असून आमच्या विभागाचे भूषण आहे. तिची उपस्थिती नियमित होती. प्रकल्पात तिने पाण्याच्या नमुन्यांतील चूक स्वतः शोधून काढली. तिच्या अंगी उत्तम नेतृत्वगुण आहेत. माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांत ती सर्वोत्तम आहे. तिला शिष्यवृत्ती मिळावी अशी मी जोरदार शिफारस करतो व तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा देतो.’

यात खोटं काही नाही, आणि सरांचा जीव त्या मुलीवर आहे हेही कळतं. पण यातलं फक्त तिसरं वाक्य शिफारसपत्राचं आहे. बाकी सगळी वाक्यं विभागातल्या दुसऱ्या कुणाही मुलीचं नाव घालून चालली असती. मी प्रत्येक मसुद्याला हीच कसोटी लावते: नाव बदललं तरी जे वाक्य तसंच खरं राहतं, ते दाखल्याचं.

मग सरांना फोन केला आणि त्या तिसऱ्या वाक्याबद्दल विचारलं. चूक कोणती, कळली कशी, आणि त्यानंतर तिनं केलं काय?

सर म्हणाले, “अहो, पोट्टी फार चिवट आहे. तिची गोष्ट सांगतो तुम्हाला.”

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या गावांतल्या 46 विहिरींचं पाणी तिनं फ्लोराइडसाठी तपासलं होतं. आपल्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. तिच्या पहिल्या फेरीत 6 विहिरी दीडच्या वर गेल्या. प्रकल्पाच्या दृष्टीनं हा निकाल चांगलाच होता, कारण लिहायला ठोस काही सापडलं होतं. पण तिनं आपली वही पुन्हा चाळली तेव्हा दिसलं की त्या सहाही विहिरींत नमुना घेण्याच्या एक-दोन दिवस आधी ग्रामपंचायतीनं ब्लिचिंग पावडर टाकली होती. प्रयोगशाळेत वापरलेल्या पद्धतीत पाण्यात लाल रंगाचा एक अभिकर्मक घालतात. फ्लोराइड जितकं जास्त तितका तो रंग फिका पडतो, आणि किती फिका पडला ते यंत्रावर मोजतात. पाण्यात उरलेला क्लोरीनही तोच रंग उडवतो. म्हणजे फ्लोराइड नसतानाही आकडा वर दिसतो.

तिनं त्या सहा विहिरींचे नमुने पुन्हा आणले, आधी सोडियम आर्सेनाइट घालून क्लोरीन घालवला आणि मग मोजणी केली. चार विहिरी मर्यादेच्या आत आल्या, दोन खरोखरच वर राहिल्या. प्रकल्पाचा निकाल फिका झाला आणि सादरीकरण तीन आठवडे लांबलं. तिला यातलं काहीच करायला कुणी सांगितलं नव्हतं. सरांच्या लक्षातही ते आलं नव्हतं, आणि हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

हे सगळं पत्रात हवं होतं. सरांना ते लिहावंसं वाटलं नाही, कारण आपल्याकडे अशा पत्रात प्रयोगशाळेतल्या बारीकसारीक गोष्टी लिहिणं म्हणजे प्रसंगाला न शोभणारं असं मानतात. शोभेल अशी विशेषणंच वापरायची आपल्याला सवय आहे. पण वाचणाऱ्याला चिकाटी, प्रामाणिकपणा आणि शास्त्रीय नजर या तिन्ही गोष्टी त्या एका प्रसंगातून दिसतात, आणि तिन्हींपैकी एकही शब्द लिहावा लागत नाही. इंग्रजी परिच्छेद मी या क्रमानं बांधला: तिला काय सापडलं, शंका का आली, तपासलं कसं, निकाल काय बदलला, तिला त्याची किंमत काय मोजावी लागली. शेवटी सरांचंच वाक्य घेतलं: ‘आय हॅड नॉट नोटिस्ड द प्रॉब्लेम मायसेल्फ.’ गाइडनं स्वतःच्या नजरेतून निसटलेली गोष्ट मान्य केली की वाचणारा बाकीच्या पत्रावरही विश्वास ठेवतो.

आता ‘सर्वोत्तम’. दाखल्याच्या भाषेत हा शब्द सौजन्यानं येतो. शिफारसपत्रात तो मोजमाप म्हणून वाचला जातो, आणि कितीजणांत, कोणत्या बाबतीत, हे सांगितलं नाही तर त्याला वजन राहत नाही. मी विचारलं, “सर, आजवर एकूण किती प्रकल्पांना मार्गदर्शन केलंत?” त्यांनी हिशेब केला. 14 वर्षं, साधारण 60 प्रकल्प. “आणि असं स्वतःहून पुन्हा तपासणारे?” सर थोडा वेळ थांबले. “तीन, फार तर चार.” पत्रात तेच गेलं: प्रयोगातल्या काटेकोरपणाच्या बाबतीत मी मार्गदर्शन केलेल्या सुमारे 60 विद्यार्थ्यांतल्या पहिल्या चौघांत ती बसते. कागदावर हे ‘सर्वोत्तम’पेक्षा कमी वाटतं. सरांनाही आधी तसंच वाटलं. पण एकच प्राध्यापक दरवर्षी कुणाला तरी सर्वोत्तम म्हणत असेल तर समितीला ते कळायला दोन पत्रं पुरतात. साठातले चार हे मात्र मोजून दिलेलं उत्तर आहे.

‘नेतृत्वगुण’ या शब्दाशी जास्त वेळ गेला. काही शिष्यवृत्त्यांत, चेव्हनिंगसारख्या, नेतृत्वाला खरोखर महत्त्व असतं, त्यामुळे तो शब्द ठेवण्याचा मोह होतो. सरांना विचारलं तर म्हणाले, तसं लिहायचीच पद्धत आहे. मग मी दुसऱ्या बाजूनं विचारलं: ती गेल्यावर विभागात तिचं काही उरलं आहे का? त्यावर निघालं की तिनं पाणीतपासणीची पद्धत मराठीत एका पानावर लिहून सिंकच्या वर चिकटवली होती, क्लोरीनच्या सूचनेसकट, आणि खालच्या वर्गातली मुलं आजही ती पाहूनच काम करतात. मग ‘नेतृत्वगुण’ काढला आणि ते पान पत्रात घातलं.

‘नम्र व संस्कारी’ मी वगळलं, आणि त्याचं कारण सरांना नीट सांगितलं. 2003 साली फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत स्त्रियांबद्दलची पत्रं सरासरीनं आखूड होती आणि शंका उत्पन्न करणारी वाक्यं त्यांत जास्त वेळा आढळली. आपल्या मसुद्यांत मला हे नेहमी दिसतं. मुलाबद्दल त्याचं काम येतं, मुलीबद्दल तिचा स्वभाव. तिच्या नम्रपणाला पत्रातली जागा दिली की तेवढी जागा त्या सहा विहिरींची जाते. उपस्थितीचं वाक्यही त्यामुळेच काढलं. दाखल्यात नियमित हजेरी ही जमेची बाजू आहे. शिफारसपत्रात ती आली की वाचणाऱ्याला वाटतं, यांना दुसरं काही सांगायचं नसावं.

टक्क्यांचंही तेच. गुणपत्रिका अर्जासोबत जातेच, म्हणून पत्रात गुण पुन्हा लिहायचे नाहीत. गुणांमागची गोष्ट सरांना ठाऊक असेल तरच ती लिहायची. पहिल्या सत्रात ही मुलगी घसरली होती. शाळा मराठी माध्यमाची, आणि पेपर इंग्रजीत. तिसऱ्या सत्रापर्यंत ती वर्गात पहिल्या पाचांत आली. सरांनी तिला दोन्ही सत्रांत शिकवलं होतं, म्हणून हे दोन वाक्यांत सांगण्याचा त्यांना अधिकार होता. तिच्या घरच्या परिस्थितीबद्दलही मसुद्यासोबतच्या चिठ्ठीत काही होतं. ते मी पत्रात घेतलं नाही. ते तिनं स्वतःच्या निवेदनात सांगायचं की नाही, हे तिनं ठरवायचं.

मी काय करू शकत नाही, तेही इथंच सांगायला हवं. सरांनी जे पाहिलं नाही ते मी लिहू शकत नाही, ते खरं असलं तरी. विद्यार्थिनीनं मला सांगितलं होतं की ती गावातल्या शाळेत सुट्टीत शिकवते. सरांना ते माहीत नव्हतं, म्हणून ते आलं नाही. सर इंग्रजीत साधं, आखूड बोलतात. पत्रही तसंच ठेवलं, कारण समितीनं फोन किंवा ईमेल करून एखादी गोष्ट विचारली तर उत्तर त्यांनाच द्यायचं आहे. आणि तीन शिफारसपत्रं तीन प्राध्यापकांची असून एकाच लेखणीतून आल्यासारखी वाटली तर तिन्हींवर संशय येतो. त्यामुळे एका अर्जाचं एकच पत्र मी घेते.

सहीबद्दल एक फरक ध्यानात ठेवावा. सरांनी मराठी पत्रावर सही केली आणि मी त्याचं इंग्रजी केलं तर माझा कागद भाषांतर ठरतो. तेव्हा मूळ पत्र सोबत जोडावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी भाषांतर प्रमाणित केलेलं लागतं. शिवाय अशा भाषांतरात मला वरचे बदल करता येत नाहीत, मुळात आहे तेवढंच द्यावं लागतं. इंग्रजी पत्रावर सरांनी स्वतः सही केली तर ते त्यांचं पत्र, आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला ते जबाबदार. आम्ही दुसरा मार्ग घेतला. म्हणून शेवटी पूर्ण इंग्रजी पत्र मी सरांना फोनवर वाचून दाखवलं आणि प्रत्येक परिच्छेदानंतर मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी एक जागा बदलायला लावली. मी ‘तीन आठवडे’च्या पुढे लिहिलं होतं की सादरीकरण लांबल्यानं तिला नोकरीची एक संधी सोडावी लागली. सर म्हणाले, “ते तिनं मला सांगितलेलं आहे, मी पाहिलेलं नाही. काढा.” ते काढलं. मग त्यांनी लेटरहेडवर छापून सही केली आणि महाविद्यालयाच्या ईमेलवर आलेल्या दुव्यावरून पत्र स्वतः चढवलं.

विद्यार्थिनीनं कार्यालयातून वर्तणुकीचा दाखलाही घेऊन ठेवला आहे. निवड झाली तर प्रवेशाच्या वेळी तो कदाचित लागेल. तो शिफारसपत्राला जोडलेला नाही.