सोलं जीडीपीत, सोलकढी बाहेर

मे महिन्यात फोंड्याला काकूच्या अंगणात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं काम चालू असतं. बिया काढायच्या, सालींना मीठ आणि रस लावायचा, उन्हात घालायच्या, पुन्हा रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या. पावसाळ्याच्या बेगमीची, म्हणजे पुरुमेंताची, ही सोलं घरीच खाल्ली तरी उत्पादन ठरतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या राष्ट्रीय हिशेब पद्धतीनुसार त्यांची किंमत, निदान नियमाने तरी, जीडीपीत धरायची असते. त्याच सोलांची काकू दुपारी कढी करते, तेव्हा मात्र ती काहीच उत्पादन करत नाही! घरासाठी केलेली वस्तू हिशेबाच्या आत आणि घरासाठी केलेली सेवा बाहेर, अशी ती रेघ आहे.

मग सेवा ओळखायची कशी? मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ मध्ये सोपी कसोटी दिली: जी गोष्ट पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते, ते काम. काकूच्या जागी दुसरी कोणी कढी करू शकते, पण काकूच्या वाटणीची झोप दुसरी कोणी घेऊ शकत नाही.

एका दिवसाचा हिशेब मांडू. तीन तास स्वयंपाक, दोन तास केरवारा-धुणी, एक तास अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं. दर मी सोयीसाठी धरलेत. सगळ्या कामांना घरकामवालीचे तासाला ८० रुपये लावले, तर ४८० होतात. स्वयंपाकिणीला १२० आणि आजारी माणसाकडे बसणाऱ्या बाईला १०० धरून वेगवेगळं मोजलं, तर ६२०. काकू शिकवायला गेली असती तर तासाला २५० मिळाले असते, असं म्हटलं की १५००. ही तिसरी रीत मला पटत नाही. कढी तीच, पण करणारी बीएड झालेली असली की महाग!

दर ठरवण्याआधी तास तरी नीट हाती लागले पाहिजेत. त्यासाठी राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षण आहे. त्यात पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांनी विचारतात. २०२४ मध्ये देशात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, तर पुरुषांचा ८८. ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. ज्यांनी केर काढलाच नाही असे पुरुष तिच्यात नाहीत.

अडचण येते ती एकावेळी दोन कामं चालतात तिथे. भात चुलीवर आणि कान सासूबाईंच्या खोलीकडे. मुद्दाम विचारलं नाही तर सर्वेक्षणाच्या वहीत फक्त ‘स्वयंपाक’ येतो. शिवाय २०१९ च्या नियमाप्रमाणे अर्ध्या तासात किमान १० मिनिटं केलेलीच कामं लिहायची होती. काकू रात्री दोनदा उठून सासूबाईंची कूस बदलते. दर वेळी पाचेक मिनिटं लागत असतील. वहीत त्या अर्ध्या तासासमोर येणार ‘झोप’.