अज्ञान पाल्याचे विवरणपत्र (प्राप्तिकर)

वारसाहक्काने आलेल्या ठेवी, समभाग वा रोखे यांवर उत्पन्न मिळणाऱ्या अज्ञान मुलाच्या (18 वर्षांखालील) वतीने पालकाने भारतीय प्राप्तिकर कायद्यानुसार भरावयाचे विवरणपत्र. आई किंवा वडील हयात असल्यास त्याची गरज क्वचितच पडते. मुलाचे उत्पन्न बहुधा त्यांच्याच उत्पन्नात मिळवले जाते. नोंदीचा खरा विषय म्हणजे दोघेही हयात नसलेले मूल.

मुलाचे उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवण्याच्या तरतुदीचे मूळ सामान्यतः 1922 च्या कायद्यातील कलम 16(3) मध्ये शोधले जाते. ते 1937 च्या दुरुस्तीने आले. त्याचा रोख मात्र मर्यादित होता : वडिलांच्या भागीदारीत अज्ञान मुलाला मिळणारा लाभ, आणि वडिलांनी मुलाच्या नावे केलेली मालमत्ता. बालाजी खटल्यात (1961) सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. आजचे व्यापक रूप, म्हणजे 1961 च्या कायद्यातील कलम 64(1अ), 1992 च्या वित्त कायद्याने आले. त्यामागे करसुधारणांसाठी नेमलेल्या चेलय्या समितीची शिफारस असल्याचे मानले जाते. मालमत्ता कोणाकडून आली हे नवे कलम विचारत नाही. त्यामुळे आजोबांकडून आलेल्या ठेवीचे व्याजही हयात पित्याच्या उत्पन्नात जाते. ‘वारसाहक्काची मिळकत मिळवली जात नाही’ ही समजूत सार्वत्रिक आहे आणि चुकीची आहे. अपवाद दोनच : मुलाचे स्वतःच्या श्रमाचे वा कौशल्याचे उत्पन्न, आणि कलम 80यू मध्ये बसणारे दिव्यांग मूल.

कलमात शब्द ‘आई-वडील’ असा आहे, ‘पालक’ असा नाही. म्हणून दोघेही वारलेले असतील तर मामा किंवा आजी पालक असली तरी त्यांच्या उत्पन्नात काही मिळवता येत नाही, हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. मुलाच्या उत्पन्नाची आकारणी मग मुलाच्या हिशेबाने होते आणि कलम 160 अन्वये पालक त्याचा प्रतिनिधी करदाता ठरतो. कलम 161 प्रतिनिधीची आकारणी ‘त्याच्या स्वतःच्या नावे’ करण्याविषयी बोलते, प्रत्यक्षात विवरणपत्र मुलाच्या पॅनवर भरले जाते. विसंगती वरवरची आहे, कारण तेच कलम ही आकारणी केवळ प्रतिनिधी या नात्याने समजली जाईल असेही सांगते. मामा वा आजी हे हिंदू कायद्यातील नैसर्गिक पालक नव्हेत. मृत्युपत्रातील नेमणूक किंवा 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखालील न्यायालयाचा आदेश हा त्यांचा आधार, आणि प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करताना पालकत्वाचा पुरावा जोडावा लागतो.

अडचण बहुधा पॅनमुळे उद्भवते. ठेव मुलाची, पण बँकेच्या नोंदीत पॅन पालकाचा, असे सर्रास होते. उदाहरणार्थ, 2025-26 या आर्थिक वर्षात चौदा वर्षांच्या अनाथ मुलाला 3,30,000 रुपये व्याज आणि 1,20,000 रुपये लाभांश मिळाला. दोन्हींवर दहा टक्के, म्हणजे 45,000 रुपये करकपात झाली. एकूण 4,50,000 हे नव्या करप्रणालीतील 4,00,000 च्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने विवरणपत्र आवश्यक. 50,000 वर पाच टक्क्यांनी 2,500 कर होतो, तो कलम 87अ च्या सवलतीत संपतो आणि सर्व कपात परत मिळायला हवी. पण एका ठेवीचे 1,10,000 रुपये व्याज आणि त्यावरील 11,000 रुपये कपात पालक असलेल्या मामाच्या पॅनवर गेली आहे. परिणामी विचारणा येते ती मामाला : हे व्याज तुमच्या विवरणपत्रात का नाही?

विचारणा मिटावी म्हणून मामाने व्याज स्वतःचे दाखवले, आणि तो तीस टक्क्यांच्या टप्प्यात असला, तर उपकरासह 34,320 रुपये कर पडतो. त्याऐवजी मामाने स्वतःच्या खात्यातून एआयएस या वार्षिक माहितीपत्रातील त्या ओळीवर `Information relates to other PAN/Year` हा अभिप्राय निवडून मुलाचा पॅन द्यावा. `Information is denied` निवडू नये : व्याज खरे आहे, फक्त धनी वेगळा आहे. हा अभिप्राय पुष्टीसाठी बँकेकडे जाऊ शकतो, म्हणून बँकेला आधीच लेखी कळवलेले बरे. पालकत्वाचा आदेश, ठेवीची पावती आणि मुलाचे विवरणपत्र भरल्याची पोच हाताशी ठेवावी.

एवढ्याने 11,000 रुपये मात्र मुलाला मिळत नाहीत. नियम 37बीए(2) अन्वये ज्याच्या नावे कपात झाली त्याने बँकेला घोषणापत्र द्यायचे, आणि बँकेने सुधारित कपात-विवरण भरून रक्कम मुलाच्या पॅनवर वळवायची. ती मुलाच्या 26एएस या करकपातीच्या नोंदपत्रात दिसल्यावरच विवरणपत्र भरणे श्रेयस्कर. आधी भरल्यास दावा 34,000 पुरताच मान्य होण्याचा संभव असतो. परतावा मुलाच्याच पडताळणी झालेल्या खात्यात जमा होतो.

1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा, 2025 लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. 2025-26 च्या उत्पन्नाला मात्र 1961 चाच कायदा लागू राहतो. मूल सज्ञान झाल्यावर पॅनचा क्रमांक तोच राहतो, पण छायाचित्र व स्वाक्षरीसाठी दुरुस्ती अर्ज करावा लागतो.