पेपर एडिट (माहितीपट)

मुलाखतींचे लिखित उतारे म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट वाचायचे, त्यातली वाक्ये निवडायची आणि क्रम लावून माहितीपटाचा पहिला आराखडा कागदावर उभा करायचा, या कामाला पेपर एडिट म्हणतात. माहितीपट माणसांच्या बोलण्यावरच चालणार असेल, तर एडिटरसमोर बसण्याआधी दिग्दर्शक हे काम उरकतो. मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपावर तासाभराचा माहितीपट करायचा आहे असे धरू. लालबाग-परळच्या बारा जणांशी प्रत्येकी दीड तास बोलणे झाले, तर हाताशी अठरा तासांचे ध्वनिचित्रण येते. त्यातून फार तर चाळीस मिनिटांचे बोलणे पडद्यावर जाईल. ती चाळीस मिनिटे टाइमलाइनवर पुढेमागे करत शोधण्यापेक्षा वाचून शोधणे सोपे जाते.

ट्रान्स्क्रिप्ट बोलल्याबरहुकूम हवे. ‘साच्यावर होतो मी, साचाखात्यात’ हे टायपिस्टने सुधारून ‘मी विणकाम विभागात काम करत होतो’ असे केले, तर ते वाक्य ध्वनिमुद्रणात कुठेच सापडत नाही. प्रत्येक परिच्छेदाला क्लिपचे नाव आणि टाइमकोड, म्हणजे चित्रणातल्या त्या जागेची नेमकी वेळ, लागतो. इथे नेहमीची गफलत अशी होते की टायपिस्टला वेगळ्या रेकॉर्डरवरची ऑडिओ फाइल दिलेली असते. तिची वेळ शून्यापासून सुरू होते आणि कॅमेऱ्याच्या टाइमकोडशी तिचा काही संबंध नसतो. त्यामुळे चित्रावरच टाइमकोड छापलेली हलकी प्रत देणे चांगले. उतारे युनिकोडमध्ये टाइप झालेत का, हेही आधीच विचारून घ्यावे. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर छापून वाचता येतो, पण त्यात ‘भोंगा’ शब्द शोधायला गेले की हाती काही लागत नाही.

पहिल्या वाचनात खुणा करताना एकच कसोटी पुरते: प्रश्न काढून टाकला तर उत्तर एकटे उभे राहते का? ‘हो, तेव्हाच तर सगळं फिसकटलं’ हे कागदावर झणझणीत वाटते, पण ‘तेव्हा’ म्हणजे केव्हा हे प्रश्नातच राहून गेलेले असते. अशा वाक्याआधी दुसऱ्या कुणाच्या बोलण्यातून तो संदर्भ आणावा लागतो, नाहीतर वाक्य सोडून द्यावे लागते.

आता संपाच्या पहिल्या दिवसांचा प्रसंग घेऊ. माणसे कल्पित आहेत: एक साचेवाला, एक खानावळ चालवणाऱ्या बाई आणि एक युनियन कार्यकर्ता. पहिल्या आराखड्यात साहजिकच कार्यकर्ता आधी येतो. बोनसचा वाद, कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेलेले कामगार, संप सुरू झाला ती १८ जानेवारी आणि संपकऱ्यांचा अडीच लाख हा आकडा तो नीट सांगतो. मग साचेवाला, मग बाई. वाचायला हे सुरेख लागते. पण तिघांच्या उताऱ्यांवर खुणा करून ते शेजारी ठेवले की दिसते, तिघेही एकच गोष्ट सांगत आहेत: संप महिन्याभरात मिटेल असे सगळ्यांना वाटले होते. हे एकदाच ऐकवायचे, तर कुणाच्या तोंडून? कागदावर कार्यकर्त्याचे वाक्य सर्वांत पूर्ण आहे. बाईंचे तुटक आहे. तरी निवडलेला क्रम असा:

```
SACHA_02   00:14:22:10 – 00:14:41:05
भोंगा झाला. रोजच्यासारखाच झाला. आत कुणी गेलं नाही.

KHANAVAL_01   00:31:08:00 – 00:31:30:12
महिन्याभरात मिटेल म्हणाले. म्हटलं, मग जेवा,
वहीत लिहिते. (थांबतात) वही भरली.

UNION_03   00:07:50:20 – 00:08:25:00
बोनसचं कारण होतंच, पण...
```

कार्यकर्त्याची कारणमीमांसा वहीनंतर आली की तिला वजन येते, कारण उधारी किती चढली हे तोवर प्रेक्षकाला कळलेले असते. तिन्ही तुकड्यांची लांबी टाइमकोडच्या वजाबाकीतून निघते: साधारण एकोणीस, बावीस आणि चौतीस सेकंद, म्हणजे एकूण सव्वा मिनिट. शब्द मोजून काढलेला अंदाज इथे फसला असता. बाईंचे शब्द अगदी थोडे आहेत, बराचसा वेळ त्या थांबण्यातच गेला आहे.

वाक्य कुठे तोडायचे, हा मराठीत वेगळा जाच आहे. निर्मात्यासाठी इंग्रजी भाषांतर केलेले असते आणि पेपर एडिट त्यावरच करण्याचा मोह होतो. तो टाळावा. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा शेवटी येतात. ‘आम्ही संप मोडायला आत गेलो असं नाही’ या वाक्याचे शेवटचे दोन शब्द कापले, तर माणूस नेमकी उलटी कबुली देऊन बसतो. त्यात वयस्क माणसे हा शेवटचा ‘नाही’ अर्धा गिळून बोलतात. कागदावर तो ठळक असतो, कानाला लागत नाही. म्हणून कापायची जागा मूळ मराठी उताऱ्यावरच ठरवावी आणि तेवढा तुकडा ऐकून खात्री करावी.

दोन लांबच्या वाक्यांचा जोड हा याहून गंभीर प्रकार आहे. साचेवाला चौदाव्या मिनिटाला म्हणतो, ‘डॉक्टरांवर आम्ही विश्वास ठेवला.’ बावन्नाव्या मिनिटाला म्हणतो, ‘ती चूक झाली.’ ही चूक चाळीतली खोली विकल्याची आहे. कागदावर दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की सामंतांवरचा निवाडा तयार होतो, आणि तो त्या माणसाने केलेलाच नाही. अशी जोडणी बहुतेक वेळा लबाडीने होत नाही. आठवडाभर त्याच ओळी चाळल्या की मूळ जागा डोक्यातून जाते. यावर साधा उपाय असा, की निवडलेल्या प्रत्येक तुकड्याच्या आधीचे आणि नंतरचे एकेक वाक्य फिक्या अक्षरात पेपर एडिटमध्ये राहू द्यावे. कागद लांबतो, पण ‘ती’ म्हणजे कोणती चूक हे समोर राहते.

कागदाला आवाज नसतो, ही या पद्धतीची खरी मर्यादा. चाळीतल्या मुलाखतीत पंखा बंद करून सुरुवात होते, अर्ध्या तासाने उकाडा असह्य होऊन कुणीतरी तो लावते. त्यानंतरचे वाक्य आधीच्या वाक्याला जोडले, तर घरघर एकदम सुरू झालेली ऐकू येते. कुकरच्या शिट्ट्या, गल्लीतला हॉर्न, शेजारचा टीव्ही यांची नोंद उताऱ्याच्या समासात असेल, तरच असे जोड आधी टाळता येतात. सूरही कागदावर दिसत नाही. पूर्णविराम टायपिस्टने दिलेला असतो. बोलणाऱ्याचा आवाज तिथे वरच चढलेला असेल, तर वाक्य अर्धवट तोडल्यासारखे लागते.

म्हणून पेपर एडिट झाला की एडिटर त्याच क्रमाने नुसते बोलणे जोडतो. दृश्ये लावत नाही, जोड झाकत नाही. याला रेडिओ एडिट म्हणतात. तो डोळे मिटून ऐकायचा. तासाभराच्या माहितीपटासाठी तो पाऊण तास ते तासभर निघाला तर काम हाताबाहेर गेलेले नाही असे समजावे, दोन तास निघाला तर निवडच झालेली नाही. इथे जे पडते ते पुन्हा कागदावर उतरवतात आणि आवृत्तीवर तारीख घालतात, कारण वगळलेल्या ओळी दोन महिन्यांनी हमखास मागितल्या जातात. न बोलता घडणारी दृश्ये, म्हणजे बंद गिरणीचे फाटक किंवा खानावळीतली पंगत, या आराखड्यात नावापुरतीच येतात. त्यांना किती वेळ द्यायचा हे पडद्यावर पाहूनच ठरते.