डॅशबोर्डवर तापलेला फोन चार्जिंग का नाकारतो

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरावर दर्शनाला गेलो होतो. गाण्यांसाठी लावलेला फोन दाजींच्या हातून गाडीच्या डॅशबोर्डवरच राहून गेला. भर दुपारी, बारा ते एक, गाडी उघड्या मैदानात उभी होती. परत आल्यावर फोनची धातूची कड बोटांना सहन होत नव्हती. बॅटरी 9 टक्क्यांवर आली होती, म्हणून दाजींनी लगेच केबल जोडली. पडद्यावर तापमापकाचे चिन्ह आले आणि बॅटरीचे तापमान जास्त असल्यामुळे चार्जिंग थांबवल्याची सूचना दिसली. केबल बदलली, चार्जर बदलला, तरी सूचना तीच. शेवटी दाजी शेजारच्या उसाच्या रसाच्या गाड्यावरून बर्फ आणायला निघाले, तेव्हा ताईने त्यांना अडवले आणि माझ्याकडे पाहिले. पुढचे बरेचसे विवेचन त्या दिवशी मी दाजींना जे सांगितले त्याचेच आहे.

फोन इतका तापला कसा, हे आधी पाहू. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर सूर्याकडून सुमारे 1000 वॅट ऊर्जा पडते. फोनचा पृष्ठभाग साधारण 16 बाय साडेसात सेंटीमीटर, म्हणजे त्याच्या वाट्याला 12 वॅट येतात, आणि समोरच्या काचेने त्यातला एक तृतीयांश भाग अडवला तरी 8 वॅट उरतात. नेहमीच्या वापरात फोन स्वतः दोन-तीन वॅटच उष्णता बाहेर टाकतो, यावरून हा भार किती मोठा आहे हे कळेल. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तर तो ठीक डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा वेळी गाडीचे छत आसनांना सावली देते, पण तिरप्या काचेखालचा डॅशबोर्ड मात्र पूर्ण उन्हात राहतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी 69 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले आढळले होते. सावलीतल्या गाड्यांत तोच आकडा 48 होता. तेव्हा फोनला वरून ऊन आणि खालून तापलेले प्लास्टिक, असा दोन्ही बाजूंनी मार बसतो आणि उष्णता टाकायला जागाच उरत नाही.

आता सूचनेकडे वळू. बॅटरीला चिकटून थर्मिस्टर नावाचा मोहरीएवढा भाग बसवलेला असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. 25 अंशांना तो 10 हजार ओहम असेल, तर 45 अंशांना निम्म्याहूनही कमी होतो. चार्जिंगचे नियंत्रण करणारी चिप हा रोध सतत वाचत असते आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की प्रवाह आधी कमी करते, नंतर बंद करते. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा 0 ते 45 अंश अशी धरली जाते. वापरताना मात्र, म्हणजे बॅटरी रिकामी होत असताना, साधारण 60 अंशांपर्यंतची मुभा असते. तापलेला फोन चालतो पण चार्ज होत नाही, याचे कारण हेच. दाजींचा चार्जर आणि केबल दोन्ही ठीक होती.

हा फरक का ठेवला असेल? चार्जिंग होताना बॅटरीचा विद्युतदाब चढत जातो, आणि जितका दाब जास्त तितका आतला द्रव धन बाजूच्या पदार्थाशी नको त्या अभिक्रिया करतो. ऋण बाजूच्या ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो, तोही उष्णतेत झिजतो आणि पुन्हा तयार होताना लिथियम खर्ची पडते. तापमान 10 अंशांनी वाढले की रासायनिक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम येथेही लागू आहे. त्यात चार्जिंगचा प्रवाह स्वतःची उष्णता घालतो, म्हणजे आधीच तापलेल्या जागी आणखी निखारा. या अभिक्रियांतून वायू निघाला तर बॅटरी फुगते. तेव्हा गाडीत फोन विसरायचाच असेल तर तो 100 टक्के भरलेला नसलेला बरा, हे विचित्र वाटले तरी खरे आहे.

थंड करण्याची घाई येथे नडते. त्या दुपारी डोंगरावर 34 अंश तापमान आणि 40 टक्के आर्द्रता होती असे धरले, तर 18-19 अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर हवेतले बाष्प दव होऊन बसते. बर्फ शून्य अंशांवर असतो आणि घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर. तेथे थंड झालेला फोन बाहेर काढला की दव बाहेरच्या काचेपुरते राहत नाही. स्पीकरच्या जाळीतून आत गेलेली हवा सर्किटच्या पट्टीवरही पाणी धरते. पावसाळ्यात तर दवाची ही सीमा 25 अंशांच्या आसपास जाते. फोन ‘वॉटरप्रूफ’ आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण त्याची चाचणी द्रव पाण्यासाठी असते, तर बाष्प आत शिरण्याचा मार्ग वेगळा आहे. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यावर फोन ठेवणारेही मी पाहिले आहेत. चार्जिंगच्या खाचेत पाणी जाण्याचा तो हमखास मार्ग आहे.

आम्ही केबल काढली, फोनचे कव्हर काढले, फोन बंद केला आणि झाडाच्या सावलीतल्या दगडी कट्ट्यावर दोन काड्यापेट्यांच्या आधाराने ठेवला, म्हणजे खालूनही वारा लागावा. सुमारे 200 ग्रॅमचा फोन 60 अंशांवरून 40 अंशांवर येताना साधारण 3600 ज्यूल उष्णता टाकतो आणि स्थिर हवेत त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. पंख्याचा वारा मिळाला तर वेळ निम्म्यावर येतो. कव्हर काढण्याचे महत्त्व येथेच आहे, कारण रबरी कव्हर उष्णता अडवून धरते. डोंगरावरच्या वाऱ्यात आमचे काम बारा-तेरा मिनिटांत झाले. तरी बाहेरची काच थंड लागली म्हणून आतली बॅटरी तितकीच थंड झाली असे समजू नये. ती काही मिनिटे मागे असते, म्हणून आणखी पाच मिनिटे थांबून केबल जोडली आणि चार्जिंग सुरू झाले. गाडीचा एसी चालू असता तर त्याच्या झडपेपासून वीतभर अंतरावर फोन धरूनही चालले असते, कारण ती हवा कोरडी असते. मात्र फोन गारठेपर्यंत तेथे ठेवू नये. पॉवर बँकही आतून तशीच बॅटरी असते, पण अशी स्पष्ट सूचना दाखवायला बहुतेकांना पडदाच नसतो. म्हणून ती उन्हातल्या गाडीत न ठेवलेलीच बरी.

फोन सामान्य तापमानाला तासभर राहूनही सूचना येत राहिली, तर दोष थर्मिस्टरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत असू शकतो आणि तो दुरुस्तीच्या दुकानातच तपासावा लागतो. त्याहून गंभीर खूण म्हणजे पडद्याची किंवा मागच्या झाकणाची कड वर उचललेली दिसणे, अथवा थिनरसारखा गोडसर वास येणे. असा फोन चार्ज करू नये, दाबू नये, खिशात ठेवू नये. बंद करून, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर, फरशीवर ठेवावा आणि दुकानात कळवावे. घरी आल्यावर आम्ही दाजींचा फोन सपाट काचेच्या टेबलावर ठेवून चारही कोपरे बोटाने हलकेच दाबून पाहिले. तो डुगडुगला नाही.