अकरा निकालपत्रे, एक सारांश

संसदेला राज्यघटना कुठवर बदलता येते, या प्रश्नावरील केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ रोजी दिला. तेरा न्यायमूर्तींच्या पीठापुढे ६८ दिवस सुनावणी चालली होती आणि तिच्या अखेरीस एक नव्हे, तर अकरा स्वतंत्र निकालपत्रे लिहिली गेली. छापील स्वरूपात ती सुमारे सातशे पाने व्यापतात आणि त्यांतील इंग्रजी शब्दांची संख्या चार लाखांच्या आसपास जाते. आज अनेक विद्यार्थी आणि वकील असा दीर्घ मजकूर उचलून लँग्वेज मॉडेलला चिकटवतात आणि त्याचा सारांश मागतात. मजकूर एका वेळी मावत नसेल, तर त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाचा सारांश काढायचा आणि मग ते सारांश एकत्र करून एकच सारांश बनवायचा, ही रीत आता रूढ झाली आहे. ती कुठे टिकते आणि कुठे फसते, हे दाखवण्यासाठी या निकालाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

भाग पाडण्याची गरज मॉडेलच्या वाचनमर्यादेतून येते. मॉडेल मजकूर शब्दांत नव्हे, तर टोकन नावाच्या लहान घटकांत वाचते आणि साध्या इंग्रजीत तीन शब्दांना साधारण चार टोकन लागतात. त्या हिशेबाने हा निकाल सव्वापाच लाख टोकनांच्या पुढे जातो. देवनागरी मजकुराला तर बहुतेक मॉडेलांत दर शब्दामागे याहून जास्त टोकन लागतात. २०२० मध्ये आलेल्या जीपीटी-३ या मॉडेलची मर्यादा २,०४८ टोकनांची, म्हणजे सुमारे दीड हजार इंग्रजी शब्दांची होती. नंतरच्या काही मॉडेलांची मर्यादा दोन लाखांवर आणि काहींची दहा लाखांवर गेली. तरीही मजकूर मावला म्हणजे तो सारखाच नीट वाचला गेला, असे होत नाही. दीर्घ मजकुराच्या आरंभीची आणि शेवटची माहिती मॉडेल चांगली वापरते, तर मधली माहिती त्याच्या हातून निसटते, असे २०२३ मधील एका अभ्यासात दिसून आले. त्यामुळे मोठ्या मर्यादेच्या मॉडेलसाठीही भाग पाडण्याची उपयुक्तता पूर्णपणे संपलेली नाही.

ओपनएआयच्या संशोधकांनी २०२१ मध्ये जीपीटी-३ वापरून संपूर्ण पुस्तकांचे सारांश याच रीतीने काढले. पुस्तकाच्या लहान भागांचे सारांश, मग त्या सारांशांचे सारांश, अशी उतरंड रचत ते शेवटी एका परिच्छेदापर्यंत पोहोचले. काही सारांश चांगले उतरले, परंतु पुष्कळसे एकसंध कथनाऐवजी घटनांच्या यादीसारखे वाचले जातात, असे त्यांनी स्वतःच नोंदवले. हा दोष समजण्यासाठी संगणकशास्त्रातील थोडी जुनी गोष्ट उपयोगी पडते. मोठे काम तुकड्यांत वाटून उत्तरे शेवटी एकत्र करण्याची मॅपरिड्यूस ही पद्धत गूगलच्या अभियंत्यांनी २००४ मध्ये मांडली. एखाद्या मजकुरात अमुक शब्द किती वेळा आला, हे मोजायचे असेल तर ती अचूक चालते, कारण प्रत्येक तुकड्यातील मोजणी स्वतंत्र असते आणि बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर बदलत नाही. सारांशाला हे दोन्ही गुण नाहीत. एका भागातील वाक्याचा अर्थ दुसऱ्या भागातील वाक्यावर अवलंबून असू शकतो, आणि काय महत्त्वाचे आहे हे बहुधा सगळे वाचून झाल्यावरच ठरते. भागांचे सारांश जोडून संपूर्णाचा सारांश मिळतो, हे गृहीतक म्हणूनच प्रत्येक वेळी तपासावे लागते.

आता हा निकाल हाती घेऊ. चार लाख शब्दांचे तीन हजार शब्दांचा एक याप्रमाणे भाग पाडले, तर सुमारे १३३ भाग होतात. प्रत्येकाचा तीनशे शब्दांचा सारांश काढला, तर पहिल्या फेरीनंतर सुमारे चाळीस हजार शब्द उरतात. हे सारांश दहा-दहाच्या गटांत एकत्र केले आणि मग उरलेल्या गटांचे पुन्हा विलीनीकरण केले, तर तिसऱ्या फेरीत हजार शब्दांचा सारांश सहज मिळतो. कागदावर ही योजना स्वच्छ दिसते, पण तिच्यात तीन ठिकाणी मोठा धोका आहे.

पहिला धोका बोलणारा कोण, हे हरवण्याचा आहे. न्यायमूर्ती निकालात आधी वकिलांचा युक्तिवाद मांडतात, मग पूर्वीच्या निवाड्यांतील मते देतात आणि कित्येक पानांनंतर त्यांवर आपला निर्णय सांगतात. या खटल्यात याचिकाकर्त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ राज्याच्या बाजूने एच. एम. सीरवाई यांचे युक्तिवाद निकालपत्रांत वारंवार येतात. भागाची सीमा युक्तिवादाच्या मध्यावर पडली, तर ‘असे प्रतिपादन करण्यात आले की’ हे शब्द आधीच्या भागात राहतात आणि पुढच्या भागाचे वाचन करणाऱ्या मॉडेलला तो युक्तिवाद न्यायालयाचाच निष्कर्ष वाटतो. त्या भागाचा सारांश स्वतःपुरता सुसंगत आणि आत्मविश्वासपूर्ण दिसतो. विलीनीकरणाच्या वेळी मूळ मजकूर समोर नसल्याने ही चूक पकडण्याचे साधनही उरत नाही.

दुसरा धोका अटी गळण्याचा आहे आणि माझ्या मते तो सर्वांत घातक आहे. न्या. एच. आर. खन्ना यांचे मत या निकालात निर्णायक ठरले. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला गर्भित किंवा अंगभूत मर्यादा आहेत, ही मांडणी त्यांनी नाकारली, मात्र ‘दुरुस्ती’ या शब्दातच जे अंतर्भूत आहे तेवढे त्यांनी वगळले. त्याच निकालपत्रात त्यांनी असेही म्हटले की, घटनेची मूलभूत चौकट बदलण्याचा अधिकार दुरुस्तीच्या अधिकारात बसत नाही. यातील पहिले विवेचन एका भागात आणि दुसरे अनेक भागांनंतर आले, तर पहिल्या भागाचा सारांश ‘न्या. खन्ना गर्भित मर्यादा मान्य करत नाहीत’ एवढाच उरतो, कारण अपवादाचे छोटे वाक्य संक्षेपात सर्वांत आधी कापले जाते. मर्यादा न मानणाऱ्या सहा न्यायमूर्तींच्या गटात त्यांना बसवले की निकाल उलटतो, कारण सात विरुद्ध सहा हे बहुमत त्यांच्या एका मतावर उभे आहे. अट गळण्याची शक्यता फेरीगणिक वाढत जाते. समजा, एका फेरीत एखादी अट टिकण्याची शक्यता ८० टक्के आहे, तर तीन फेऱ्यांनंतर ती सुमारे ५१ टक्क्यांवर येते. म्हणून फेऱ्या जितक्या कमी तितके बरे, आणि मजकूर परवडेल तितक्या मोठ्या भागांत वाचणे अधिक सुरक्षित असते.

तिसरा धोका मोजणीचा आहे. न्या. शेलत आणि न्या. ग्रोव्हर यांनी मिळून एक निकालपत्र लिहिले आणि न्या. हेगडे व न्या. मुखर्जी यांनी मिळून दुसरे. त्यामुळे मूलभूत चौकटीला संरक्षण देणारे सात न्यायमूर्ती पाच निकालपत्रांत आहेत, तर विरोधी बाजूचे सहा न्यायमूर्ती सहा निकालपत्रांत आहेत. विलीनीकरणात निकालपत्रे मोजली, तर बहुमत चुकीच्या बाजूला जाते. हे टाळण्यासाठी प्रत्येक सारांशाबरोबर किती न्यायमूर्तींचे मत त्यात आहे, ही माहिती वरच्या फेरीपर्यंत न्यावी लागते.

या तिन्ही धोक्यांवरचा उपाय मजकूर कापण्याच्या क्षणी सुरू होतो. शब्द मोजून कापू नये, तर आधी अकरा निकालपत्रे वेगळी करावीत आणि प्रत्येक निकालपत्र त्यातील मुद्द्यांच्या सीमेवर तोडावे. चिकटवलेल्या मजकुरात ही सीमा शोधणे कष्टाचे असते, कारण पीडीएफमधून उचलताना मथळे साध्या ओळी होऊन जातात आणि दर पानाच्या डोक्यावरील खटल्याचे नाव व पृष्ठांक वाक्याच्या मध्ये येऊन बसतात. अशा पुनरावृत्त ओळी प्रथम काढून टाकाव्यात. मग प्रत्येक भागाच्या वर एक ओळ लिहावी, ज्यात निकालपत्र कोणाचे, परिच्छेद कोणते आणि चर्चा कोणत्या प्रश्नाची हे असेल. सारांश काढताना मॉडेलला तीन गोष्टी वेगळ्या नोंदवायला सांगाव्यात: वकिलाचा युक्तिवाद, पूर्वीच्या निवाड्यातील मत आणि न्यायमूर्तींचा स्वतःचा निष्कर्ष. निष्कर्षाबरोबर त्याच्या सर्व अटी आणि मूळ परिच्छेद क्रमांक आलाच पाहिजे. दोन शेजारील भागांत काही परिच्छेद सामाईक ठेवण्याची प्रथा आहे. तिचा फायदा होतो, पण सामाईक मुद्दा विलीनीकरणात दोनदा मोजला जाऊ शकतो आणि परिच्छेद क्रमांक असल्यास तो लगेच ओळखता येतो.

विलीनीकरणही सरसकट दहा-दहाच्या गटांत करू नये. आधी एकाच निकालपत्राचे भाग एकत्र करावेत, म्हणजे न्या. खन्ना यांचा नकार आणि त्यांचा अपवाद एकाच सारांशात शेजारी येतात. त्यानंतर अकरा सारांश प्रश्नवार लावावेत: मूलभूत हक्कांचा संकोच संसदेला करता येत नाही असे सांगणारा गोलकनाथ निवाडा रद्द होतो का, घटनेचा कोणताही भाग बदलण्याचा अधिकार संसदेला देणारी चोविसावी दुरुस्ती वैध आहे का, मालमत्तेच्या हक्काशी संबंधित पंचविसाव्या दुरुस्तीचा कोणता भाग टिकतो, मूलभूत चौकट दुरुस्तीच्या कक्षेबाहेर आहे का. प्रत्येक प्रश्नाखाली प्रत्येक न्यायमूर्तीचे मत लिहिले की एक सोपी परीक्षा हाती येते. होय, नाही आणि मत दिले नाही यांची बेरीज तेरा झाली पाहिजे. ती बारा किंवा चौदा आली, तर कुणाचे मत निसटले किंवा दोनदा मोजले गेले, हे मूळ परिच्छेद न वाचताही कळते.

विलीनीकरणाला एक पर्यायही आहे. पहिल्या भागाचा सारांश घ्यायचा, दुसरा भाग वाचून तोच सुधारायचा आणि असे शेवटपर्यंत चालायचे. कादंबऱ्यांवरील एका तुलनात्मक अभ्यासात ही वाढत जाणारी रीत अधिक तपशील टिकवणारी, तर उतरंडीची रीत अधिक सुसंगत आढळली. निकालपत्रांसाठी मला उतरंडच योग्य वाटते, कारण वाढत्या सारांशात सरन्यायाधीश सिक्री यांचे आधी आलेले मत साचा ठरवते आणि नंतरची दहा निकालपत्रे त्यात बसवली जाण्याचा धोका असतो.

चिकटवलेल्या मजकुरात बहुमताचे म्हणून दिलेले एक छोटे निवेदनही सापडेल. त्यावर तेरापैकी नऊ न्यायमूर्तींनी सही केली. न्या. रे, मॅथ्यू, बेग आणि द्विवेदी यांनी ती केली नाही, तर मूलभूत चौकटीच्या प्रश्नावर अल्पमतात असलेले न्या. पालेकर आणि न्या. चंद्रचूड यांनी केली. मॉडेलच्या दृष्टीने हे तयार विलीनीकरण आहे. तोच भाग समोर असला की बाकीची सातशे पाने न पाहताही सारांश लिहिता येतो आणि सहीची नऊ ही संख्याच बहुमताची संख्या म्हणून त्यात जाण्याचा धोका असतो. म्हणून हा भाग पहिल्या फेरीत बाजूला ठेवावा, अकरा निकालपत्रांवरून प्रश्नवार मते तयार करावीत आणि मगच दोन्ही शेजारी ठेवून ती कुठे जुळतात व कुठे नाही, हे परिच्छेद क्रमांकांसह नोंदवावे.