रोख खर्चाची वजावट: ‘एका रकमे’चा चाळीस वर्षांचा वाद

धंद्यासाठी झालेला खर्च नफ्यातून वजा होतो, हा प्राप्तिकराचा मूळ नियम. खर्च खरा असला आणि धंद्यासाठीच झालेला असला की पुरे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ४०अ(३) मात्र त्यापुढचा प्रश्न विचारते: पैसे दिले कसे? रोखीने दिले आणि ठरावीक मर्यादेच्या वर गेले, तर बिल खरे, माल खरा, विकणारा समोर उभा, तरी वजावट नाही. आज ही मर्यादा एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपये आहे. हा नियम इतका कडक का झाला, हे त्याच्या घडणीतूनच समजते.

कलम ४०अ आले १९६८ च्या वित्त कायद्याने, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना. खोटी बिले आणि बेनामी विक्रेते दाखवून नफा कमी करण्याचे प्रकार सर्रास चालत. रोखीचे पैसे कोणाच्या हातात गेले हे तपासायला अधिकाऱ्याकडे काही साधन नसे. म्हणून अडीच हजारांच्या वरचा खर्च रेखांकित धनादेशाने किंवा रेखांकित ड्राफ्टनेच द्यायचा असे ठरले. व्यापाऱ्यांना सवय व्हावी म्हणून अंमल लगेच झाला नाही. ३१ मार्च १९६९ नंतरच्या रकमांना तो लागू झाला. चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षीच्या जुलैत. म्हणजे तालुक्याच्या गावात बँकेची शाखा पोचण्याआधी धनादेशाची सक्ती पोचली होती. ही विसंगती सरकारलाही दिसत होती, म्हणूनच नियम ६डीडी मध्ये सवलतींची यादी दिली गेली. शेतकऱ्याला त्याच्या मालाचे दिलेले पैसे, बँक नसलेल्या गावात दिलेले पैसे अशा बाबी तिच्यात होत्या. शिवाय एक मोकळे कलमही होते: अपवादात्मक किंवा अपरिहार्य परिस्थितीमुळे किंवा अडचणीमुळे धनादेश देता आला नाही आणि व्यवहार खरा आहे हे पटवून दिले, तर वजावट मिळे.

१९७७ च्या परिपत्रक क्रमांक २२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अशा परिस्थितीची उदाहरणे दिली. विकणारा खरेदीदाराला ओळखत नाही, बँकेला सुट्टी आहे, विकणारा धनादेश घ्यायला तयार नाही, रोख दिल्यास खास सूट मिळते. बाजारात बसलेल्या माणसाला पटतील अशी ही कारणे होती. कलमाच्या वैधतेलाच आव्हान दिले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अत्तर सिंग गुरमुख सिंग प्रकरणात ते वैध ठरवले. मालाची खरेदी म्हणजे ‘खर्च’ नव्हे, हा युक्तिवादही टिकला नाही. मात्र हे ठरवताना न्यायालयाने त्या सवलतींवरच भर दिला: खऱ्या आणि प्रामाणिक व्यवहारांना या कलमाचा फास लागत नाही. पुढच्या घडामोडी पाहताना हे वाक्य लक्षात ठेवायला हवे.

मधल्या काळात दुसराच वाद रंगला होता. कलमात शब्द होते ‘एका रकमेने’ दिलेले पैसे. म्हणजे मर्यादा बिलाला नव्हे, तर प्रत्येक वेळी दिलेल्या रकमेला. ओरिसा उच्च न्यायालयाने आलू सप्लाय कंपनीच्या प्रकरणात हाच अर्थ मान्य केला, आणि बिल मोठे असले तरी तुकडे पाडून दिलेले पैसे कलमाबाहेर राहिले. मग काय, व्हाउचरांचे गठ्ठे तयार होऊ लागले. एकाच दिवशी, एकाच हस्ताक्षरात, एकाच पार्टीला तीन-चार व्हाउचरे, प्रत्येक मर्यादेच्या जरा खाली.

मर्यादाही वाढत गेली. १९८९ पासून ती १०,००० झाली आणि १९९७ पासून २०,०००. पण मोठा बदल १९९५ चा. तोपर्यंत सगळी रक्कम नाकारली जाई. आता फक्त २० टक्के नाकारायची असे ठरले. त्याच्या बदल्यात ते मोकळे कलम गेले. सौदा समजण्यासारखा होता: अडचण सांगून भांडायचे नाही, पाचवा हिस्सा सोडायचा आणि मोकळे व्हायचे. पण २००७ च्या वित्त कायद्याने पुन्हा शंभर टक्के नाकारणी आणली, आणि मोकळे कलम मात्र परतले नाही. माझ्या मते या कलमाच्या इतिहासातला सर्वात अन्यायाचा टप्पा हाच. ज्या सवलतींच्या आधारावर न्यायालयाने कलम वाचवले, त्यातली सर्वात महत्त्वाची गेली आणि शिक्षा पूर्ण राहिली. काही उच्च न्यायालये अजूनही खरेपणा आणि धंद्याची निकड बघतात. पण ते अपिलात, वर्षे घालवून.

याच सुमारास दोन पळवाटा बुजवल्या गेल्या. २००६ मध्ये ‘रेखांकित’च्या जागी ‘खातेदारालाच देय’ धनादेश आला. नुसता रेखांकित धनादेश पाठीमागे सही करून तिसऱ्याच्या नावे करता येई, आणि माग तिथेच तुटे. २००८ च्या कायद्याने ‘एका रकमे’चा वाद संपवला: एका दिवसात एका व्यक्तीला दिलेल्या सगळ्या रोख रकमांची बेरीज धरायची.

एक हिशोब मांडून पाहू. फर्निचरचा कारखाना चालवणाऱ्या एका भागीदारी पेढीने १० जूनला ३८,००० चे प्लायवूड घेतले आणि त्याच दिवशी साडेनऊ हजारांची चार व्हाउचरे करून रोख दिले. जुन्या अर्थाने एकही व्हाउचर मर्यादेबाहेर नाही. आज बेरीज ३८,००० होते आणि पूर्ण ३८,००० नाकारले जातात. मर्यादेवरचे २८,००० तेवढे जातील असा अनेकांचा समज असतो, तो चूक. पेढीचा कर उपकरासह ३१.२ टक्के धरला तर जास्तीचा कर ११,८५६ रुपये. हेच पैसे खरोखर चार वेगवेगळ्या दिवशी दिले असते, तर कलम लागले नसते. पण तारखा नुसत्या कागदावर बदलल्या तर रोजमेळ सांगतो. त्या दिवशी गल्ल्यात तेवढी शिल्लक होती का, विक्रेत्याच्या खात्यात जमा कोणत्या तारखेला आहे, हे लेखापरीक्षक जुळवून बघतो, आणि करलेखापरीक्षणाच्या अहवालात अशा रकमा वेगळ्या दाखवाव्याच लागतात.

उधारीचेही तसेच. मार्चमध्ये खर्च धरून वजावट घेतली आणि मे महिन्यात तेच देणे मर्यादेवर रोखीने फेडले, तर पूर्वी जुन्या वर्षाची आकारणीच उघडून दुरुस्त करत. २००७ च्या बदलानंतर जुन्या वर्षाला हात लावत नाहीत. रोख दिली त्या वर्षीचे उत्पन्न म्हणून ती रक्कम धरतात.

मालवाहतूकदारांना दिलेल्या भाड्यासाठी २००९ च्या ऑक्टोबरपासून ३५,००० ची वेगळी मर्यादा आहे. रस्त्यात डिझेल आणि नाक्याचे पैसे चालकाला रोखच लागत, हे मान्य केले गेले. बाकीच्यांसाठी नोटबंदीनंतरच्या २०१७ च्या अर्थसंकल्पात २०,००० चे १०,००० झाले आणि बँक खात्यातून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेले पैसेही कलमाने मान्य केले. १०,००० हा आकडा १९८९ चाच. तेव्हा त्या रकमेत जेवढा माल येई, त्याच्या जवळपासही आज येत नाही. बँकेची सोय वाढली हे खरे, पण आठवडी बाजारातून किंवा भंगारवाल्याकडून माल घेणाऱ्याला समोरचा धनादेश घेत नाही, ही १९७७ च्या परिपत्रकातली अडचण अजून गेलेली नाही.