मावशीच्या गालावरचा चट्टा आणि फोनने पुसलेली कड

दिवाळीनंतर कराडच्या मावशीचा व्हॉट्सॲपवर एक सेल्फी आला. खाली लिहिलेलं, "गालावर काहीतरी उठलंय बघ, खाज येते फार, तुझ्या त्या डॉक्टर मैत्रिणीला दाखव ना." फोटोत मावशी दहा वर्षांनी लहान दिसत होती आणि डाव्या गालावर रुपयाएवढा फिकट तपकिरी डाग, बस्स. (डाग खरंतर उजव्या गालावर होता, काही फोन फ्रंट कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटाच सेव्ह करतात, ही गंमत नंतर कळली.) मैत्रीण त्वचारोगाची डॉक्टर. ती म्हणाली, "यावरून काय सांगू? एक्झिमा म्हण, वांग म्हण, काहीही बसतंय. मला कड दिसली पाहिजे, कडच नाहीये याला."

कड का पाहिजे, तर तिच्या मनात गजकर्ण होतं. गजकर्णाची बुरशी त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते आणि मध्यातून बाहेर बाहेर पसरत जाते, त्यामुळे मधला भाग हळूहळू निवळतो आणि सगळी गडबड कडेला चाललेली असते. तिथे कातडी जराशी उचललेली, लालसर आणि त्यावर कोंड्यासारखे बारीक खवले. म्हणजे पुरावा सगळा त्या कडेवरच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये असतो. आणि फोन नेमका तोच पुसतो.

मी कामाला इमेज प्रोसेसिंगमध्ये आहे म्हणून हे कसं होतं ते माहितीये. ब्युटी मोड आधी चेहरा शोधतो, मग चेहऱ्यातला कातडीच्या रंगाचा भाग वेगळा काढतो, डोळे-भुवया-ओठ सोडून, आणि उरलेल्या भागावर स्मूथिंग फिरवतो. प्रत्येक फोनचा मसाला वेगळा, पण मूळ कल्पना बायलॅटरल फिल्टर नावाच्या प्रकाराची, 1998 पासूनची. साधं स्मूथिंग सगळंच धुरकट करतं. हा फिल्टर हुशार, तो आजूबाजूच्या पिक्सेलची सरासरी काढतो खरी, पण फक्त आपल्यासारख्या दिसणाऱ्या पिक्सेलचीच, जो फारच वेगळा असेल त्याला हात लावत नाही.

आकड्यात बघा, आकडे सोयीसाठी घेतलेत. समजा मावशीच्या गालाचा उजळपणा 0 ते 255 च्या मोजपट्टीवर 150 आहे, खवला जरा पांढरट म्हणून 165, आणि शेजारचा तीळ 60. फिल्टर 9 बाय 9 चा चौकोन घेतो, म्हणजे 81 पिक्सेल, त्यातले 5 खवल्याचे आणि 76 कातडीचे. फरक 15 चाच, म्हणून फिल्टर सगळ्यांना एका पंक्तीत बसवतो आणि सरासरी येते साधारण 151. खवला गेला! तिळाचा फरक 90 चा, तो पंक्तीत बसतच नाही, म्हणून तीळ होता तसाच टवटवीत. त्यामुळेच आपण फसतो, कारण फोटोत तीळ स्पष्ट, भुवईचा केस न् केस स्पष्ट, मग आपल्याला वाटतं फोटो क्लिअर आहे की. रंगाचे ठळक डाग राहतात आणि पोत जातो, म्हणून गजकर्ण वांगासारखं दिसायला लागतं.

बरं, ब्युटी मोड बंद केला तरी सुटका नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात सेन्सरवर दाणेदार गोंगाट येतो, तो घालवायला फोन आपोआप अनेक फ्रेम एकत्र करतो आणि उरलेला गोंगाट गुळगुळीत करतो, आणि हे गुळगुळीत करताना त्याला दाणा कुठला आणि खवला कुठला हे नीट कळत नाही. त्यात व्हॉट्सॲप. सेल्फीत चेहऱ्याच्या एका मिलिमीटरला ढोबळपणे 13 पिक्सेल मिळतात, म्हणजे 0.3 मिलिमीटरचा खवला 4 पिक्सेलचा. साध्या क्वालिटीत पाठवताना 4000 पिक्सेलचा फोटो 1600 च्या आसपास येतो, मग खवल्याला उरले दीड पिक्सेल. दीड पिक्सेलात डॉक्टरने काय बघायचं? वर जेपेग रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवतं, म्हणून कडेची बारीक लाली तर आणखीनच पसरट होते.

लालीचं अजून एक दुखणं आहे. खूप जवळून फोटो काढला की सगळी फ्रेम गव्हाळ कातडीने भरते, उजेड बघून फोटोचे रंग जुळवणाऱ्या व्हाइट बॅलन्सला वाटतं पिवळ्या बल्बचा उजेड पडलाय, आणि तो निळसर रंग ओतून "दुरुस्ती" करतो. आपल्या कातडीवर लाली तशीही जांभळट-तपकिरी दिसते, ती यात पार मरगळते. आणि हे सगळं झाल्यावर फोन शार्पनिंग करतो, म्हणजे डागाच्या भोवती कधीकधी एक खोटी उजळ रेघ उमटते, जी कड नसतेच! पुसतो पण तोच आणि काढतो पण तोच.

एवढं लिहितोय त्याला कारण आहे. कड नसलेला खाजरा चट्टा बघून कुणी एक्झिमा समजलं, की पुढची पायरी बहुतेक वेळा स्टिरॉइडचं मलम, आणि आपल्याकडे ते मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवायही मिळून जातं. गजकर्णावर स्टिरॉइड लावलं की खाज आणि लाली कमी होते, खवले जातात, माणूस खूश, आणि खाली बुरशी निवांत पसरते. डॉक्टर लोक याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, वेष पालटलेलं गजकर्ण. म्हणजे स्टिरॉइड महिनाभरात जे करतं ते ब्युटी मोड एका सेकंदात करतो, फक्त फोटोवर.

मग मावशीला फोन लावला. म्हटलं, सकाळी खिडकीपाशी बस, ऊन थेट अंगावर नको, उजेड बाजूने पडू दे म्हणजे खवल्यांची बारीक सावली पडेल, फ्लॅश बंद कारण तो समोरून मारा करून सगळं सपाट करतो. सेटिंगमध्ये जाऊन ब्युटी शून्यावर आण, पुढच्या आणि मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांना, ती सेटिंग बऱ्याच फोनमध्ये वेगवेगळी असते. फोटो काकांना काढू दे, मागच्या कॅमेऱ्याने, वीतभर अंतरावरून, झूम न करता, अगदी जवळ नेलास तर फोकसच होत नाही. डागाच्या शेजारी वहीचा पांढरा कागद धर, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरं काय ते कळेल आणि आपल्यालाही रंग ताडून बघता येईल. आणि पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मावशी म्हणाली, "एवढ्यात तर मी डॉक्टरकडे जाऊन आले असते." तेही खरंच.

फोटो आला तो उघडून मी आधी गालावरची लव शोधली. ही माझी खूण आहे, चट्ट्याबाहेरच्या चांगल्या कातडीवर रंध्रं आणि बारीक लव दिसली तर फोटो बऱ्यापैकी खरा, आणि भुवया कोरीव पण गाल मेणाचा असेल तर फिल्टर चालू आहे, मग तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पोस्टाने, जे कॅमेऱ्यानेच पुसलंय ते परत येत नाही. लव होती. आणि चट्ट्याला कड होती, तीन बाजूंनी पांढरट खवल्यांची किनार, चौथ्या बाजूला कानाकडे जरा तुटलेली. रुपयाएवढा डाग प्रत्यक्षात दीडपट होता, कारण कड आणि तिच्या आतला निवळलेला भाग सेल्फीत कातडीत मिसळून गेलेला.

मैत्रिणीने तरी फोटोवरून नाव घेतलं नाही. म्हणाली, "बुरशीचा संशय धरायला पुरेसं आहे, मलम काही लावू नका आणि तिथल्या स्किनवाल्यांना दाखवा." कराडच्या डॉक्टरांनी कडेवरचे खवले ब्लेडने हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, त्याने कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशी तशीच राहते. मायक्रोस्कोपखाली फांद्या फुटलेले धागे दिसले. गजकर्णच.

आता गाल साफ आहे. डीपी मात्र अजून तो पहिलाच सेल्फी आहे, "छान आलाय" म्हणून.